गॅरंटीची मुदतवाढ मागणारे पत्र : तारीख आणि पत्ता चुकवू नका

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामाचे काम रखडले आहे. कंत्राटदाराची ४,२०,००० रुपयांची बँक गॅरंटी ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपते. 'करतो, करतो' म्हणतो, पण मुदत वाढवून देत नाही. पत्र कसे लिहावे?

उत्तर : पत्र आजच द्या, परंतु कंत्राटदाराला दिलेले पत्र म्हणजे बँकेकडे केलेली मागणी नव्हे, हे आधी लक्षात घ्या. आमच्या संस्थेने एकदा तीन स्मरणपत्रे पाठवली आणि त्यांच्या प्रती बँकेलाही दिल्या. मुदत उलटल्यावर बँकेने कळवले की आमच्याकडे रक्कम कोणी मागितलीच नव्हती. ती रक्कम गेली, आणि त्याची खंत मला अजून आहे.

नवी तारीख मोजूनच मागा. काम पूर्ण करण्याची वाढीव तारीख ३१ डिसेंबर २०२५ असेल, त्यानंतर दोष दुरुस्तीची बारा महिन्यांची जबाबदारी असेल आणि करारात त्यापुढे साठ दिवस धरले असतील, तर गॅरंटी १ मार्च २०२७ पर्यंत हवी. 'काम होईपर्यंत' असे मोघम लिहू नका. पत्राचा गाभा असा ठेवा :

'करारातील कलम क्र. … नुसार दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत व त्यानंतर साठ दिवस कामगिरी हमी वैध ठेवणे आपणावर बंधनकारक आहे. गॅरंटी क्र. … ची मुदत १ मार्च २०२७ पर्यंत वाढवल्याचे बँकेचे मूळ पत्र १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सायंकाळी पाचपर्यंत आमच्या कार्यालयात मिळावे. तसे न झाल्यास तो कराराचा भंग समजून, कलम क्र. … अन्वये, गॅरंटीची संपूर्ण रक्कम बँकेकडून वसूल करण्यात येईल व ती अनामत म्हणून आमच्याकडे राहील.'

मोकळ्या जागी कराराचा शब्दन् शब्द पाहून कलम क्रमांक भरा. रक्कम वसूल करून ठेवण्याचा अधिकार करारात नसेल, तर शेवटचे वाक्य तसेच ठेवू नका. जो परिणाम करारात लिहिलेला आहे तोच लिहा. काळ्या यादीची धमकी तर घालूच नका, कारण जे करारात नाही ते लिहिल्याने उरलेले पत्रही हलके पडते.

मुदत १५ तारखेची ठेवण्याचे कारण म्हणजे त्यानंतर लगेच दिवाळीच्या सुट्ट्या आहेत. 'बँकेत अर्ज केला आहे' हे कंत्राटदाराचे उत्तर मुदतवाढ धरू नका. गॅरंटी देणाऱ्या शाखेकडून तुम्ही स्वतः लेखी खातरजमा केली की मगच ती खरी. १६ तारखेला सकाळपर्यंत ते पत्र आले नाही, तर त्याच शाखेच्या नावे मागणीपत्र द्या. गॅरंटीत 'कंत्राटदाराने कराराचा भंग केला आहे' असे विधान मागितले असेल, तर नेमके तेच शब्द वापरा, गॅरंटीत मूळ प्रत जोडायला सांगितली असेल तर ती जोडा, आणि आवक शिक्का व तारीख असलेली पोच हातात घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.