यंत्रांच्या यादीबद्दल तुला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

गंगापूर रोडच्या गाळ्यासाठी काढलेली तुझी यादी आणि सोबतची कोटेशनं वाचली. २० लिटरचा एक टिल्टिंग ग्राइंडर, २० लिटरचा प्लॅनेटरी मिक्सर आणि दोन डेकचा, चार ट्रेचा इलेक्ट्रिक ओव्हन. तिन्ही यंत्रं चांगली आहेत, पण तुझ्या कामाला एकही बरोबर बसत नाही. का, ते तुझ्याच आकड्यांवरून सांगतो.

तू म्हणतेस, सकाळी सातला शटर वर. रोज साधारण ४०० इडल्या, १०० डोसे आणि ३०० मिसळी, पाव घरचेच. एक किलो तांदूळ आणि पाव किलोच्या थोडी वर उडीद डाळ घेतली की पाण्यासकट सव्वातीन किलोच्या आसपास पीठ होतं. पंचावन्न ग्रॅमची इडली धरली तर त्यात साठेक इडल्या. डोशाला नव्वद ग्रॅम धर. म्हणजे रोज अंदाजे ९ किलो तांदूळ आणि ३ किलो डाळ वाटायची. तुझ्या घरचं प्रमाण वेगळं असेल तर एकदा एक किलोचं पीठ करून तराजूवर ठेव आणि हे आकडे बदल.

ग्राइंडरच्या पाटीवरचे लिटर हे भांड्याचं माप असतं, कामाचं नाही. वाटताना उडीद फुलते. किलोभर डाळीचं चार लिटर पीठ सहज होतं. दहा लिटरच्या भांड्यात मी दीड किलोपेक्षा जास्त कोरडी डाळ घालू देत नाही. त्यापुढे पीठ कडेने वर येतं, दगडाखाली फिरतच नाही आणि वरची डाळ भरड राहते. डाळीच्या घाण्याला चाळीस मिनिटं, तांदळाच्या घाण्याला अर्धा तास धर. आता हिशेब बघ. २० लिटरच्या एका ग्राइंडरवर डाळीचा एक आणि तांदळाचे दोन घाणे, म्हणजे पावणेदोन तास. दहा लिटरचे दोन ग्राइंडर घेतलेस तर डाळ दोन्हीकडे अर्धी अर्धी, मग तांदूळ दोन फेऱ्यांत. तरीही पावणेदोन तासच. फरक पडतो तो एक बंद पडल्यावर. वीस लिटरचा एकच असेल तर त्या दिवशी इडली-डोसा नाही. दहाचे दोन असतील तर धुणं-काढणं धरून साडेतीन तास लागतील, पण पीठ तयार होईल. दोन घ्यायला पैसे आणि जागा थोडी जास्त लागते, ती दे.

वेळेचा हिशेब जानेवारी धरून कर. मे महिन्यात रात्री नऊला वाटलेलं पीठ पहाटे पाचला टोपाच्या काठाला आलेलं असतं. नाशिकच्या थंडीत त्याच पिठाला बारा-चौदा तास लागतात, म्हणजे दुपारी चारपर्यंत वाटण संपायला हवं. त्या वेळी फ्रीज, चटणीचा मिक्सर, एक्झॉस्ट सगळं चालू असतं. म्हणून एकूण विजेचा भार मोजताना दुपारी तीनची वेळ आणि पहाटे चारची वेळ, या दोन्ही वेगवेगळ्या कागदावर मांड.

एका मिसळीला दोन पाव, म्हणजे ३००च्या दुप्पट, ६००. चाळीस ग्रॅमचा गोळा धरला तर २४ किलो मळलेला मैदा, म्हणजे १५ किलो कोरडा मैदा आणि ९ लिटरच्या आसपास पाणी. प्लॅनेटरी मिक्सर केकला, क्रीमला उत्तम. पण वीस लिटरच्या भांड्यात पावाच्या घट्टपणाचा चार किलो मैदाच झेपतो, तोही सर्वांत कमी वेगावर. तुझे चार घाणे होतील आणि कोणीतरी घाईत वेग वाढवेल. मग गिअर जातो. आधी करकर आवाज येतो, नंतर हुक मध्येच थांबतो आणि मोटर मात्र फिरत राहते. रोज पाव करायचे तर स्पायरल मिक्सर घे, मळलेल्या वीस किलोच्या क्षमतेचा. विक्रेत्याला स्पष्ट विचार, हे वीस किलो कोरड्या मैद्याचे की मळलेल्याचे. काहीजण एक छापतात, काहीजण दुसरं. साडेसात किलो मैद्याचे दोन घाणे कर, दुसरा पहिल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. सगळं एकदम मळलंस तर शेवटचे ट्रे ओव्हनची वाट बघत फुगून बसतील, पाव भट्टीत गेल्यावर खाली बसतो आणि वरून सुरकुततो.

ओव्हनचं गणित यालाच जोडलेलं आहे. चाळीस बाय साठ सेंटिमीटरच्या ट्रेवर साधारण ४८ पाव बसतात, म्हणजे तेरा ट्रे. भाजणं, काढणं, पुन्हा तापणं धरून एका फेरीला वीस मिनिटं. चार ट्रेच्या ओव्हनमध्ये चार फेऱ्या, सव्वा तासाच्या जवळपास. दोन ट्रेच्या एका डेकवर सात फेऱ्या, दोन तास वीस मिनिटं. पहाटे साडेतीनला कामगार बोलावणं तुला जमणार नाही असं तूच म्हणालीस, म्हणून दोन डेक बरोबर आहेत. इंधन मात्र बदल.

कोटेशनमधला इलेक्ट्रिक ओव्हन १३ किलोवॅटचा आहे. दोन ग्राइंडर, एक अश्वशक्तीचे, प्रत्यक्षात प्रत्येकी सव्वा किलोवॅटच्या आत ओढतील. स्पायरल दीड, फ्रीज-दिवे-पंखे मिळून दोन. एकूण १९ किलोवॅट. तोच ओव्हन गॅसचा घेतलास तर त्याला वीज फक्त ठिणगी, दिवा आणि थर्मोस्टॅटपुरती लागते, आणि भार सहावर येतो. भोवतालचा ट्रान्सफॉर्मर भरलेला असेल तर १९ किलोवॅटची जोडणी मिळायला लागणारा वेळ आणि केबलचा खर्च हा तुझ्या उद्घाटनाच्या तारखेवर येईल. गाळा ठरवण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन मीटरवर सध्या किती भार मंजूर आहे ते बघून ये.

रोजच्या खर्चाची तुलना अशी कर. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधली उष्णता विजेच्या जवळपास २४० युनिटइतकी असते. गॅसच्या ओव्हनमध्ये बरीचशी धुराड्यातून जाते, म्हणून मी निम्मीच धरतो. तुझ्या दरातल्या १२० युनिटची किंमत आणि सिलिंडरची किंमत शेजारी ठेव, उत्तर समोर येईल. शहराच्या काही भागांत एमएनजीएलचा पाइपचा गॅस आलेला आहे. तुझ्या इमारतीत येणार असेल तर ओव्हन घेतानाच त्या गॅसचे जेट मागून ठेव. सिलिंडरच्या गॅसचा जेट बारीक असतो. त्यावर पाइपचा गॅस लावला तर ज्योत अशक्त राहते. पाइपच्या जेटवर सिलिंडर लावला तर ज्योत पिवळी, काजळीची येते, आणि ते धोक्याचं आहे. जेट कंपनीचा माणूसच बदलेल, गॅस शेगडीवाला नाही.

भार सहाच असला तरी जोडणी थ्री फेज घे. पण ग्राइंडर सिंगल फेजचे घे आणि दोन वेगळ्या फेजवर लाव. एक फेज गेली तरी एक ग्राइंडर चालतो, आणि गरज पडली तर पाच केव्हीएच्या जनरेटरवर एकेक करून दोन्ही चालवता येतात. स्पायरल थ्री फेजचाच असू दे. त्याच्या मोटरला कपॅसिटर नसतो, ती दणकट असते. तिचा एकच शत्रू म्हणजे एक फेज जाऊन दोनवर चालत राहणं. मोटर घुमते, तापते आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळतं. त्यासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवलेला हवा. कोटेशनमध्ये तो शब्द लिहून घे. खांबावर काही दुरुस्ती झाली की दुसऱ्या दिवशी रिकामं भांडं आधी फिरवून बघ. दोन फेज उलटसुलट जोडल्या गेल्या तर मिक्सर उलटा फिरतो. ग्राइंडर ओल्या जागेत चालतो, तेव्हा चांगलं अर्थिंग आणि करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी यावर पैसे वाचवू नकोस.

आता सर्व्हिस. इंदिरानगरमधल्या माझ्या ओळखीच्या एकाच्या ओव्हनचं कंट्रोल कार्ड गेलं. काचेवर बोट लावून चालणारा सुंदर ओव्हन. नाशकात कोणाकडे ते कार्ड नव्हतं, पुण्यातही नव्हतं. दोन आठवडे तो रोज पहाटे भद्रकालीतून पाव आणत होता, आणि ओव्हन टेबलासारखा वापरला जात होता. त्याच्या शेजारच्या जुन्या ओव्हनला गोल बटणाचा थर्मोस्टॅट आणि साधा कॉन्टॅक्टर आहे. तसा थर्मोस्टॅट गावात मिळतो आणि कुठलाही बरा इलेक्ट्रिशियन तासाभरात बदलतो. तू गोल बटणाचाच घे.

विकत घेण्याआधी विक्री विभागाला नाही, सर्व्हिसच्या नंबरला फोन कर. थर्मोस्टॅट केवढ्याला, तो कुठल्या गावातल्या कपाटात आहे आणि नाशकात माणूस कोण येतो, एवढंच विचार. ‘बघून सांगतो’ आलं तर दुसरं मॉडेल बघ. ग्राइंडर बरेचदा कोइमतूरहून येतात, आणि तो माणूस तुझ्यासाठी कोइमतूरहून येणार नाही. पण त्यांचे बिघडणारे भाग साधे असतात. पट्टा, बेअरिंग, कपॅसिटर. पट्ट्यावरचा आणि बेअरिंगवरचा नंबर पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेव, एक पट्टा आणि एक कपॅसिटर कपाटात ठेव. ग्राइंडर नुसता घूं करतोय आणि फिरत नाही, तर लगेच बंद कर. बहुतेक वेळा कपॅसिटर असतो. तसाच चालू ठेवलास तर मोटर जाते, आणि मग सातपूर-अंबडकडे रिवाइंडिंगवाल्याकडे दोन दिवस. व्होल्टेजमुळे जळलेली मोटर वॉरंटीत बसते का, तेही बिलावर लिहून घे.

दुकानात ग्राइंडर बघायला जाशील तेव्हा दीड किलो डाळ भिजवून सोबत ने. चाळीस मिनिटं चालवायला लाव. विक्रेता पाच मिनिटांत थांबवू बघेल, थांबू देऊ नकोस. शेवटी पिठात बोट घाल. कोमट चालेल, गरम लागलं तर ते पीठ उन्हाळ्यात रात्रीतच आंबट होईल. चिमूटभर पीठ पाण्याच्या पेल्यात टाक, तरंगायला हवं. मग मोटरवर हात ठेव. हात टेकवून धरता येत नसेल तर मोटर लहान आहे. नवा आणलास की पहिले काही घाणे जुन्या तांदळाचे वाटून फेकून दे, दगडाची करडी पूड जाईपर्यंत.

नव्या कोटेशनमध्ये किलोवॅट, फेज आणि गॅसचा प्रकार लिहिलेल्या नेमप्लेटचा फोटो मागवून मला पाठव. शनिवारी दुपारी गाळ्यावर येतो, मीटर आणि अर्थिंग दोन्ही बघू.

तुझा,
काका