कपाटातली बॅग

"मॅडम, १४ वर्षं संसार झाला आमचा. परवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक बॅग सापडली. आत बायकांचे दोन ड्रेस, विग, लिपस्टिक. मला वाटलं, दुसरी कुणीतरी आहे. विचारलं तर म्हणाला, 'ते माझंच आहे.' म्हणजे आता तो बाई होणार का? मग माझ्याशी लग्न केलं ते काय होतं?"

त्या एकट्याच आल्या होत्या. आठवडाभर रात्री जागून मोबाईलवर बरंच काही पाहून झालं होतं. त्यात स्टेजवर झगमगीत गाऊन घालून नाचणारे कलाकार होते, शस्त्रक्रियेबद्दल बोलणाऱ्या ट्रान्स स्त्रिया होत्या, आणि नवरा या सगळ्यांपैकीच कुणीतरी असणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मी इतकंच म्हटलं की नुसते कपडे बघून यातलं काहीच ठरवता येत नाही. ते आपणहून यायला तयार असतील तर मला त्यांच्याशी बोलू द्या. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

ते आले. "असं का करता?" हे मी कधीच आधी विचारत नाही, कारण या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं आणि ते विचारलं की माणूस आरोपीसारखा बसतो. मी म्हटलं, बॅग उघडल्यापासून बंद करेपर्यंत काय काय होतं ते सांगा. त्यांनी सांगितलं. घरात कुणी नसताना दोनदा दाढी करायची, ड्रेस आणि विग घालायचा, लिपस्टिक लावायची आणि खुर्चीत बसून वाचायचं. तासाभरात कोल्ड क्रीम लावून ओठ पुसायचे, कपड्यांची नीट घडी करून ठेवायची. "तेवढा वेळ डोक्यातली कटकट थांबते. नंतर लाज वाटते." वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षापासूनचं आहे. आतापर्यंत तीनदा सगळं कचऱ्यात टाकलं, त्यातलं एकदा लग्नाच्या आदल्या आठवड्यात. शपथ घेतली, काही महिने निभावली, मग पुन्हा खरेदी.

हे टाकणं आणि पुन्हा आणणं क्रॉस-ड्रेसिंग करणाऱ्या माणसांकडून मी फार वेळा ऐकलंय. शपथेने आवड जात नाही, फक्त चोरून जगण्याची सवय पक्की होते. काहींना तरुणपणी अशा कपड्यांतून लैंगिक उत्तेजना मिळते आणि पुढे ती ओसरून नुसता निवांतपणा उरतो, काहींच्या बाबतीत उत्तेजनेचा संबंध कधीच नसतो. पूर्वी याची नोंद विकारांच्या यादीत असायची. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी, आयसीडी-११, हिच्यातून ती काढून टाकली आहे.

मग मी विचारलं, "समजा, कुणाचीच हरकत नाही, नोकरी जाणार नाही, बायकोही दुखावणार नाही. कायम स्त्री म्हणूनच जगायचं, सगळ्यांनी तसंच हाक मारायची. आवडेल?"

ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. "नाही," म्हणाले. "सोमवारी मला माझा शर्ट घालूनच बाहेर पडायचं असतं. मी पुरुषच आहे. मला फक्त तो तास हवा असतो."

त्यांच्याशी बोलताना मला आणखी एका व्यक्तीची सारखी आठवण येत होती. ती माझ्याकडे साधा शर्ट-पँट घालून, बारीक केस कापून यायची. तिने आयुष्यात कधी ड्रेस घातला नव्हता. सहाव्या भेटीत घाईघाईने आत येत म्हणाली, "सॉरी, आज उशिरा आले मी," आणि दारातच थबकली. आपल्या भाषेत 'आलो' किंवा 'आले' म्हटल्याशिवाय स्वतःचं येणंसुद्धा सांगता येत नाही. तिने मग सांगितलं की गेली कित्येक वर्षं ती वाक्यंच वळवून बोलायची. 'मी उशिरा आलो' याऐवजी 'मला उशीर झाला', 'मी गेलो नाही' याऐवजी 'जायला जमलं नाही'. जन्मावेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती. वयात येताना आवाज फुटला, दाढी आली, तेव्हापासून स्वतःचं शरीर परकं वाटत होतं. ते कपड्यांसारखं काढून घडी घालता येत नाही. ती ट्रान्सजेंडर स्त्री आहे, आणि त्या शर्ट-पँटमध्येही होतीच.

आयसीडी-११ मध्येही हाच मुद्दा आहे. जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारा लिंगभाव यांत ठळक आणि टिकून राहणारी विसंगती असेल, तर तिची वेगळी नोंद होते. ही नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणात नाही. नुसतं वागणं किंवा आवडनिवड वेगळी आहे, एवढ्यावरून ती करायची नाही असंही तिथे स्पष्ट म्हटलंय.

"आणि ते स्टेजवरचे?" पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं. ड्रॅग करणारा एक कलाकार झोपेच्या तक्रारीसाठी माझ्याकडे येत असे. तयारीला त्याला तीन तास लागायचे. भुवया गोंदाने चपट्या करून त्यावर मेकअपचा थर द्यायचा आणि नव्या भुवया वर कपाळावर काढायच्या, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही चेहरा दिसतो. स्टेजवर त्याचं नाव वेगळं, चाल वेगळी. घरी येऊन चेहरा धुतला की तो 'तो'च. ड्रॅग ही प्रेक्षकांसाठी केलेली कला आहे. स्त्रियाही ती करतात, पुरुषी रूप घेऊन. काही ड्रॅग कलाकार ट्रान्सजेंडरही असतात, पण मग एकाच माणसात दोन गोष्टी आहेत असं म्हणायचं. तुमच्या नवऱ्याला कुणी प्रेक्षक आणून बसवले तर तो तास त्यांना नकोसाच होईल, असं मी म्हटलं तेव्हा बाई पहिल्यांदा जराशा हसल्या.

त्यांना एक गोष्ट मी लपवली नाही. काही माणसांची सुरुवात कपड्यांपासून होते आणि पुढे त्यांना कळतं की आपल्याला हवं होतं ते एवढंच नव्हतं. तसं असेल तर घालण्यापेक्षा काढणं जड जाऊ लागतं, लोकांनी दुसऱ्या नावाने हाक मारावी असं वाटतं, आरशातल्या शरीराचा त्रास होतो, आणि हे महिनोन् महिने टिकतं. तुमच्या नवऱ्याच्या बोलण्यात यातलं मला काही दिसलं नाही, पण जन्मभराची हमी मी देऊ शकत नाही. ते स्वतःबद्दल जे सांगतील तेच धरून चालायचं.

लग्नाचा प्रश्न राहिलाच होता. माणूस कुणाकडे आकर्षित होतो, ही या तिन्हींपेक्षा निराळी बाब आहे. क्रॉस-ड्रेसिंग करणारे पुष्कळ पुरुष स्त्रियांकडेच आकर्षित होतात, आणि हे त्यांतलेच. लग्न खोटं नव्हतं. १४ वर्षं लपवलं गेलं, हे मात्र खरं होतं, आणि त्याबद्दल रागवायचा बाईंना पूर्ण हक्क होता. त्यानंतरच्या चार भेटी त्या रागातच गेल्या.

मग दोघांनी मिळून थोडं ठरवलं. बेडरूममध्ये नको. मुलांना अचानक दिसेल असं काही नको. किती खर्च झाला ते लपवायचं नाही. आणि शपथ घेऊन बॅग फेकायची नाही, हे बाईंनीच सुचवलं.

शेवटच्या भेटीत उठता उठता त्यांनी नवऱ्याला विचारलं, "त्या वेळी मी चुकून घरात आले, तर तुला काय म्हणून हाक मारायची?"

"रोज मारतेस तीच," तो म्हणाला.