व्हीएफडीवर जड लोड आहे. सुरू करताना ओव्हरकरंट, कमी करताना ओव्हरव्होल्टेज ट्रिप येते. अ‍ॅक्सेल-डिसेल टाइम किती ठेवू?

लोड कसला ते लिहिलं असतंत तर सेकंद सांगितले असते. जड क्रेनही असते आणि जड पंखाही असतो, आणि दोघांची दुखणी वेगळी. मी पंख्याचं सांगतो, कारण भट्टीतला धूर ओढणाऱ्या एका आयडी फॅनपायी एक अख्खा गळीत हंगाम मी बोलणी खाल्ली आहेत.

साखर कारखाना, बगॅसवरचा बॉयलर. आयडी फॅनला 55 किलोवॅटची मोटर, 1480 आरपीएम, डायरेक्ट कपलिंग. ड्राइव्ह नवा, दीडपट करंट मिनिटभर सोसणारा. आमच्या चीफसाहेबांनी स्वतः उभं राहून अ‍ॅक्सेल 20 आणि डिसेल 20 घातले. कारण काय, तर पाण्याच्या पंपाला तेच होते आणि तो मस्त चालत होता.

पहिल्याच ट्रायलला ओव्हरकरंट. साहेब म्हणाले, "सुरुवातीला जोर कमी पडतोय, टॉर्क बूस्ट वाढव." वाढवला. परत ट्रिप. मी फॉल्ट हिस्टरी उघडून दाखवली, ट्रिप 44 हर्ट्झला होती. बूस्टचं काम पहिल्या चार-पाच हर्ट्झचं, वर त्याचा काय संबंध? तुमचीही ट्रिप कुठल्या हर्ट्झला येते ते आधी बघा. दोन-तीन हर्ट्झलाच येत असेल तर रॅम्पला हात लावू नका. तिथे बूस्ट जास्त असतो, काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर पंखा चिमणीच्या ओढीने आधीच फिरत असतो.

आमचं गणित साधं होतं. फॅनवाल्याच्या कागदावर GD² 160 लिहिलेलं, त्याला चारने भागलं की जडत्व J 40. (हा चारचा भागाकार विसरणारे मी खूप पाहिलेत.) 1480 आरपीएम म्हणजे सेकंदाला 155 रेडियन.

```
T = J × ω / t = 40 × 155 / 20 = 310 Nm
```

हे झालं नुसतं चाक पळवायला. वर हवा ढकलायचा टॉर्क वेगळा. तो वेगाच्या वर्गाने वाढतो आणि आमच्याकडे फुल स्पीडला थंड हवेवर 280 होता. म्हणजे शेवटाला 590 हवेत आणि मोटरचा रेटेड टॉर्क 355. दीडपट केले तरी 530. पंखा खाली हलका आणि वर जड, म्हणून ट्रिप नेहमी वर. 60 सेकंद केल्यावर 310 चे 103 झाले, बेरीज 383, मोटर रेटेडच्या जरा वर. पहिल्या झटक्यात चढला. आणि ही थंड हवेची गोष्ट. भट्टी पेटल्यावर गरम वायू विरळ होतो, करंट आणखी उतरतो. म्हणून अ‍ॅक्सेल टाइम नेहमी थंडीत ठरवा.

डिसेलकडे मात्र कुणी बघितलंच नाही, कारण स्टॉप मोड कोस्टवर होता. ट्रायलला पंखा आपला आपण थांबला, सगळे चहाला गेले.

हंगाम सुरू झाला, ड्राफ्टचा पीआयडी ऑटोवर टाकला आणि तमाशा सुरू झाला. बगॅस फीडर चोक झाला की भट्टीत ओढ वाढायची, पीआयडी स्पीड झपकन कमी करायचा, की ओव्हरव्होल्टेज. आयडी पडला की इंटरलॉकने भट्टीत हवा ढकलणारा एफडी पडायचा, पण तोही जडच पंखा, लगेच थोडाच थांबतो. तोवर फीडरच्या तोंडातून धूर आणि ज्वाळा बाहेर. एका रात्री अटेंडंटच्या भुवया जळाल्या. सकाळी बोलणी मला, कारण "ड्राइव्ह तुझा."

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डिसेल टाइम हा मॅक्सिमम फ्रीक्वेन्सीपासून शून्यापर्यंतचा असतो. 20 सेकंद म्हणजे 10 हर्ट्झ उतरायला फक्त 4 सेकंद. पंख्यात त्या वेळी काय साठलेलं असतं? फुल स्पीडला 480 किलोज्यूल. आणि डीसी बस 587 व्होल्टवरून 800 च्या ट्रिपपर्यंत चढेपर्यंत आमच्या ड्राइव्हचे कपॅसिटर पाऊण किलोज्यूलही घेत नव्हते. हवेचा रोध आणि मोटरचे लॉसेस जेवढं खातील तेवढंच तुम्ही पंख्याकडून काढू शकता. बाकी सगळं बसवर येतं.

साहेबांनी ब्रेक चॉपर आणि रेझिस्टरची ऑर्डर काढायला घेतली. मी म्हटलं, साहेब, पंखा घाईने थांबवायची गरज कुणाला आहे? ते म्हणाले, "माणूस आत उतरायचा झाला तर?" आता आत उतरायला मेन बंद करून कुलूप लावतात की डिसेल टाइमच्या भरवशावर उतरतात? तो वाद मी तेव्हा हरलो, पण उत्तर आजही तेच आहे.

रेझिस्टर यायला वेळ होता, म्हणून डिसेल 60 केला. ट्रिप गेली नाही, खाली सरकली, 30 हर्ट्झच्या आसपास आली. कारण उघड आहे. वर हवाच पंख्याला ब्रेक लावते, खाली वेगाच्या वर्गाने हवेचा जोर संपतो आणि चाक मोटरला ढकलायला लागतं. त्यात ऑपरेटर डँपर दाबायचा. डँपर बंद केला की चढायला सोपं आणि उतरायला अवघड, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून डिसेल टाइम गरम वायूवर आणि डँपर दाबून ठरवा, म्हणजे अ‍ॅक्सेलच्या बरोबर उलट.

शेवटी मी कीपॅडवर डीसी बस व्होल्टेज लावून रात्रभर बसलो. 90 सेकंदांना आकडा 760 पर्यंत जायचा, 120 ला 700, 180 ला 640 च्या वर गेलाच नाही. 180 ठेवले. पीआयडी संथ करावा लागला, नाहीतर रॅम्पच्या पुढे पळून तो हेलकावे घेतो. काही सेकंद ओढ जास्त राहते, थोडी उष्णता चिमणीतून जाते. जाऊ दे. भुवयांपेक्षा स्वस्त.

आता साहेबांच्या बाजूने दोन शब्द. क्रेन, लिफ्ट किंवा बॅच सेंट्रिफ्युगल असेल, तर डिसेल वाढवून चालत नाही, तिथे चॉपर किंवा रीजेन हवाच. बहुतेक ड्राइव्हमध्ये ओव्हरव्होल्टेज कंट्रोल असतो, तो बस चढली की रॅम्प स्वतः लांबवतो. तो चालू ठेवा, पण रेझिस्टर लावलात तर बंद करा, नाहीतर रेझिस्टर नुसता शोभेला. आणि कोस्टवर सोडलेला पंखा थांबायच्या आधी परत स्टार्ट देणार असाल तर फ्लाइंग स्टार्ट चालू हवा.

आमचा रेझिस्टर पुढच्या हंगामात आला. अजून स्टोअरमध्ये खोक्यातच आहे.