नळाचा वार

सोलापूर, रविवार

प्रिय बाळ,

काल तलावाच्या कट्ट्यावर तासभर बसलो आणि त्या तासात तू फोन किती वेळा उलटा-सुलटा केलास ते मी बघत होते. परवा तुझा तो मित्र दोन तास बोलला, तुझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि कालपासून गप्प. "मावशी, माझं काय चुकलं?" असं तू तीनदा विचारलंस. हा प्रश्नच मला रात्रभर झोपू देईना, कारण मीही तो सहा वर्षं स्वतःला विचारला आहे.

आपल्याकडे नळ काही-काही दिवसांनी येतो. वार आणि वेळ ठरलेली असली की आपण भांडी भरतो आणि निवांत झोपतो. वेळ ठरलेली नसली की घरातलं एक माणूस रात्रभर कानोसा घेत जागं राहतं. पाणी दोन्हीकडे तेवढंच येतं. म्हणून सांगते, पाणी किती आलं ते मोजू नकोस. वार ठरलेला आहे का ते बघ.

स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की ज्याला दरवेळी दाणा मिळायचा, ते कबूतर दाणा बंद झाल्यावर लवकर थांबायचं. ज्याला दाणा कधी मिळायचा, कधी नाही, ते दाणा पूर्ण बंद झाला तरी कितीतरी वेळ चोच मारत राहायचं. तू वेडी नाहीस, लाचार तर मुळीच नाहीस. तुला सवय लागली आहे, आणि ती त्याच्या प्रेमाने नाही, त्याच्या अनियमितपणाने लागली आहे.

आता एक वही घे. चार आठवडे रोज तीनच गोष्टी लिही: बोलणं कोणी सुरू केलं, गप्प होण्याआधी त्याने सांगितलं का, आणि त्या गप्प दिवसात तू काय केलंस. मनातलं काही लिहू नकोस. काल तू जे सांगितलंस तेवढ्यावरूनही दिसतं की त्याच्या मागच्या चार गप्प दिवसांत तू अकरा मेसेज पाठवलेस आणि पाचव्या दिवशी तो "काय करतेस?" म्हणाला की त्या चार दिवसांबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. तो गोड बोलला की तू मनातलं आधीचं पान फाडून टाकतेस. वहीतलं पान तसं सहज फाडलं जात नाही, म्हणून वही.

त्या वहीत दोन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात. रात्रपाळी, महिनाअखेर, घरचं आजारपण असेल तर तो सगळ्यांशीच कमी बोलतो आणि उशिरा का होईना, कारण सांगतो. त्याच्यावर रुसू नकोस. पण फार जिव्हाळ्याचं बोलणं झालं की दुसऱ्याच दिवशी तो दूर जातो, असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर त्याला जवळीकच झेपत नसेल. तुझं काही चुकलेलं नसतं. (गप्प राहून शिक्षा करणारा, अपमान करणारा, धमकावणारा असेल तर वही ठेव बाजूला आणि आजच आईला सांग.)

मग एकदाच विचार, आणि तो बोलत असतानाच्या चांगल्या दिवशी विचार. गप्प असताना पाठवलेला लांब मेसेज आरोपासारखा वाचला जातो. वार ठरव, एवढंच मागायचं. त्यानंतरचा पहिला आठवडा धरू नकोस, पहिला आठवडा सगळेच पाळतात. पाचवा-सहावा आठवडा बघ. आणि तू मेसेज थांबवलेस की तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीव आणखी कासावीस होईल. तिथे हरलीस तर मनाला शिकवशील की आणखी थोडं ताणलं की दाणा मिळतो. अगं, तेवढे दोन दिवस काढ ना!

माझ्या आयुष्यातल्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं. पुण्याची चालून आलेली बदली नाकारली, कारण तो गड्ड्याच्या यात्रेला घरी येईल आणि तेव्हा काय ते ठरेल, असं मला वाटायचं. दोन यात्रांना आला, दोन्ही वेळा खाऊ घातलं, हसलो. मधल्या वर्षांत पत्रं नाहीत. सहाव्या वर्षी मी एका दिवसात सगळं तोडलं. लोक मला गर्विष्ठ म्हणाले. तोडलं ते बरोबरच होतं, आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन. त्या घरात मी आयुष्यभर कानोसा घेत बसले असते. पण न विचारता तोडलं, म्हणून त्याचं उत्तर काय असतं ते मला कधीच कळलं नाही. चाळीस वर्षं झाली, तो प्रश्न अजून माझ्याकडेच आहे.

काल तू माफी मागणारा मोठा मजकूर लिहून ठेवला होतास, तो पुसून टाक. त्याऐवजी हे पाठव, तो बोलेल त्या दिवशी: "तुला एकटं राहायचं असेल तेव्हा जरूर राहा. फक्त 'दोन दिवस बोलणार नाही' एवढं आधी कळव. हे जमेल का, नाही जमणार, ते मला स्पष्ट सांग."

तुझी,
मावशी