निबंधावरून स्लाइडगणिक बोलायच्या नोंदी कशा तयार कराव्यात?

प्रश्न: माझ्याकडे लोणार सरोवरावरचा सुमारे 1500 शब्दांचा निबंध आहे. तो महाविद्यालयात दहा मिनिटांत स्लाइडसह सादर करायचा आहे. प्रत्येक स्लाइडसाठी मोठ्याने बोलायचा एकेक छोटा परिच्छेद कसा लिहावा?

उत्तर: आधी वेळेचा हिशेब करावा. श्रोत्यांना समजेल अशा बेताने बोलल्यास मिनिटाला साधारण शंभर मराठी शब्द होतात, शिवाय स्लाइड बदलताना आणि चित्र दाखवताना थांबावे लागते. त्यामुळे दहा मिनिटांसाठी नऊ स्लाइड आणि प्रत्येकी सुमारे ऐंशी शब्द पुरेसे आहेत. याचा अर्थ निम्मा निबंध गळणार. तो कुठला गळावा, हे लिहायला बसण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

त्यासाठी निबंधातील प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, एवढेच लिहावे. ‘खड्डा केवढा आहे?’, ‘तो ज्वालामुखीचा का नव्हे?’, ‘केव्हा पडला?’, ‘पाणी खारे का?’ असे प्रश्न मिळतील. एका प्रश्नाला एक स्लाइड द्यावी. एकाच प्रश्नावरचे दोन परिच्छेद एकत्र करावेत आणि ज्या परिच्छेदासमोर प्रश्नच सुचत नाही तो सोडून द्यावा. प्रस्तावना बहुधा अशीच निघते.

आता एक स्लाइड प्रत्यक्ष करून पाहू. निबंधात असे वाक्य आहे असे समजू: ‘बसाल्ट खडकातील सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाले असावे, हा प्रारंभीचा समज तेथे सापडलेल्या मास्केलिनाइट या काचसदृश पदार्थामुळे मागे पडला, कारण तो अतिप्रचंड दाबाच्या आघाताशिवाय तयार होत नाही.’ वाचताना हे वाक्य निर्दोष आहे, पण ऐकणाऱ्याला ‘समज’ शब्दापाशी पोहोचेपर्यंत ‘विवर’ धरून ठेवावे लागते आणि मागे वळून पाहण्याची सोय त्याला नसते. नोंदीत ते असे येईल:

‘हा खड्डा पाहिला की ज्वालामुखीच आठवतो. सुरुवातीला अभ्यासकांनाही तसंच वाटत होतं. पण इथल्या खडकात मास्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा आघात झाला, तरच ते असं बदलतं. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. म्हणजे इथे आकाशातून काहीतरी येऊन आदळलं. पण केव्हा?’

स्लाइडवर फक्त विवराचे छायाचित्र, व्यास आणि ‘मास्केलिनाइट’ हा शब्द ठेवावा. स्लाइडवरची वाक्ये पुन्हा वाचून दाखवली तर श्रोते तुमच्या आधीच वाचून मोकळे होतात. शेवटचा ‘केव्हा?’ मात्र मुद्दाम त्याच परिच्छेदात, म्हणजे बटण दाबण्यापूर्वी, ठेवला आहे. जोडणारे वाक्य पुढच्या स्लाइडच्या नोंदीत गेले, तर ती स्लाइड आधी पडद्यावर येते आणि वक्ता क्षणभर चाचपडतो.

नोंदीत ‘आदळले’ऐवजी ‘आदळलं’ असेच लिहावे, कारण ऐन वेळी लेखी रूपाचे बोली रूप करताना जीभ अडखळते. आकडेही बोलतो तसेच लिहावेत. विवराच्या वयाबाबत आधी सुमारे बावन्न हजार वर्षे असा अंदाज होता आणि नंतर अर्गॉन पद्धतीने तो सुमारे पाच लाख सत्तर हजारांवर गेला. हे दोन आकडे निबंधात ‘अनुक्रमे’ लावून एका वाक्यात बसतात, पण बोलताना प्रत्येकाला स्वतंत्र वाक्य द्यावे लागते. ‘अनुक्रमे’, ‘उपरोक्त’, ‘पुढीलप्रमाणे’ हे शब्द मसुद्यात शोधून काढून टाकावेत. ते जिथे आहेत तिथे वाक्याची बांधणी अजून कागदाचीच आहे.

माझ्या मते सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. वाक्ये छोटी करताना ‘असावे’चे नकळत ‘आहे’ होते. निबंधात जो अंदाज होता तो व्यासपीठावर निर्विवाद सत्य होऊन बसतो आणि पहिला प्रश्न नेमका तिथेच येतो. म्हणून मसुदा झाल्यावर निबंध शेजारी ठेवून फक्त क्रियापदे ताडून पाहावीत. वयाच्या स्लाइडवर ‘एका मोजणीनुसार’ एवढे दोन शब्द राहिले तरी काम भागते.

यानंतर घड्याळ लावून मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचल्यास वेळ नेहमी कमी भरतो. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडावे, आणि एखादा परिच्छेद सव्वा मिनिटाच्या पुढे गेला तर घाईने बोलण्याऐवजी त्यातले एक वाक्य कमी करावे. पॉवरपॉइंटमध्ये हा मजकूर स्लाइडखालच्या Notes चौकटीत टाकावा. Presenter View चालू असताना तो फक्त तुम्हाला दिसतो. सभागृहातील संगणकावर ही सोय चालेलच असे नाही, म्हणून मोठ्या अक्षरांतली छापील प्रत जवळ असू द्यावी. गाळलेला मजकूर, उदाहरणार्थ वयाच्या मोजणीतील सत्तेचाळीस हजार वर्षांची कमी-अधिक मर्यादा, शेवटच्या स्लाइडच्या नोंदीखाली रेघ मारून प्रश्नोत्तरांसाठी ठेवता येतो.