समुद्रात पवनचक्कीचा पाया कसा रोवतात?

सोलापूरहून विचारतोय. पाया ठोकताना जहाज हलत नाही का?

जॅक-अप जहाज त्या वेळी तरंगतच नसतं. ते पोलादी पाय तळावर टेकवतं, त्यांच्यावर जादा भार देऊन तळ खचत नाही ना ते तपासतात, मग अख्खं जहाज लाटांच्या वर उचललं जातं. क्रेन समजा ८० मीटरची पोलादी नळी, म्हणजे पायाच, उभी करते. ती स्वतःच्याच वजनानं थोडी रुतते, पुढं हायड्रॉलिक हातोडा.

खरी कसोटी सुरुवातीलाच असते: हलके ठोके द्यायचे, थांबून कल मोजायचा, जहाजावरच्या पकडीनं नळी सरळ करायची. कल साधारण पाव अंशात बसवतात, म्हणजे ८० मीटरवर जेमतेम ३५ सेंटिमीटर. खोल गेलेली नळी मग सरळ होत नाही. आपल्याकडं बोअरला मुरुमाखाली काळा पाषाण लागतो, तसा खडक लागलाच तर ठोकणं थांबवून आतून ड्रिल करावं लागतं.