तमिळ पाकिटावरील 'पच्चै वासनै'

प्रश्न: चेन्नईच्या 'कुळंबु मिळगाय तूळ'च्या पाकिटावर हिरवा वास जाईपर्यंत उकळायला सांगितले आहे का? हे नुसते तिखटच ना?

उत्तर: 'पच्चै' म्हणजे हिरवा तसेच कच्चाही, त्यामुळे ती सूचना मसाल्याचा कच्चा वास जाईपर्यंत उकळण्याची आहे, चिंचेच्या कोळात मसाला मंद आचेवर शिजून रस्सा दाटू लागला आणि कडेला तेल सुटले की तो वास गेला असे समजावे. 'मिळगाय तूळ' म्हणजे मिरचीपूड खरी, परंतु 'कुळंबु' हा आंबट रस्सा असल्याने या पुडीत मिरचीबरोबर धणेही असतात, म्हणून तिखटाच्या जागी ती वापरू नये. 'मीन कुळंबु' म्हणजे माशांचे कालवण. त्यात मासे कच्चा वास गेल्यावरच सोडावेत, अन्यथा मसाला शिजेपर्यंत त्यांचा चुरा होतो.